हातचे राखून लिहिलेले शिफारसपत्र कसे वाचावे

लेखा विभागाच्या प्रमुखपदासाठी आलेल्या एका अर्जासोबत पुढील पत्र जोडलेले आहे, असे समजू. पत्र मी या लेखासाठी रचले आहे. मात्र अशी पत्रे निवड समित्यांपुढे नेहमी येतात.

“सदर उमेदवार आमच्या संस्थेच्या लेखा विभागात चार वर्षे कार्यरत होते. या काळात नेमून दिलेली सर्व कामे त्यांनी समाधानकारकरीत्या पार पाडली. त्यांची उपस्थिती नियमित होती आणि सहकाऱ्यांशी त्यांचे वागणे सौजन्याचे होते. संगणकीय लेखाप्रणालीचे त्यांना उत्तम ज्ञान आहे. नवीन जबाबदाऱ्या स्वीकारण्याची त्यांची इच्छा वेळोवेळी दिसून आली. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ते आपल्या संस्थेतही उपयुक्त ठरतील, असे वाटते. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

या पत्रात एकही वाक्य उमेदवाराच्या विरोधात नाही. प्रत्येक वाक्य सुटे काढून वाचले तर ती स्तुतीच आहे, आणि तरीही अनुभवी वाचक हे पत्र बाजूला ठेवून विचारात पडतो. असे का होते, त्या विचारातला किती भाग विश्वासार्ह असतो आणि कोणता भाग वाचकाने स्वतःच्या मनातून घातलेला असतो, हे नीट समजून घेतले नाही तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. पत्र लिहिणाऱ्याने दिलेली सूचना लक्षात येत नाही, किंवा त्याने न दिलेली सूचना वाचून एखाद्या चांगल्या माणसाची संधी हिरावली जाते. यांतला दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो, कारण ज्याचे नुकसान झाले त्याला ते कधी कळतच नाही.

न लिहिलेले वाचकाला कसे समजते, याचे सर्वांत स्वच्छ स्पष्टीकरण पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने दिले आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९६७ साली दिलेल्या आणि पुढे १९७५ मध्ये निबंधरूपाने छापलेल्या व्याख्यानात त्याने नेमके शिफारसपत्राचेच उदाहरण घेतले. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल त्याचे शिक्षक एवढेच लिहितात की त्याचे इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि शिकवणीच्या तासांना त्याची हजेरी नियमित असते. हे वाचणारा मनातल्या मनात असा विचार करतो: शिक्षकांना सहकार्य करायचेच नसते तर त्यांनी पत्र लिहिलेच नसते, विद्यार्थी त्यांचाच आहे, तेव्हा त्यांना त्याची माहिती नाही असे म्हणता येत नाही, आणि या जागेसाठी तत्त्वज्ञानातली कुवत महत्त्वाची आहे, हेही ते जाणतात. इतके सगळे असूनही त्याविषयी ते काही लिहीत नाहीत, याचा अर्थ जे सांगायचे आहे ते कागदावर आणायला ते नाखूश आहेत, आणि नाखुशी असावी असे सांगण्याजोगे एकच उरते: विद्यार्थी तत्त्वज्ञानात चांगला नाही.

या विचारसरणीचा कणा तीन गृहीतकांचा आहे. लिहिणाऱ्याला ती गोष्ट माहीत होती, ती सांगणे अपेक्षित आहे हे त्याला कळत होते, आणि चांगले सांगण्यासारखे असते तर ते सांगायला त्याला कोणतीही आडकाठी नव्हती. तिन्ही गृहीतके खरी असतील तरच मौनाला अर्थ येतो. एक जरी ढासळले तरी मौन हे फक्त मौन उरते. पत्र वाचणारे बहुतेक जण पहिला निष्कर्ष फार चटकन काढतात आणि ही तीन गृहीतके तपासायची राहून जातात. ‘दोन ओळींमधले वाचणे’ या गोष्टीला उगीच गूढ कौशल्याचे रूप आले आहे. खरे तर ती बरीचशी तपासणीची बाब आहे.

पत्रे हातचे राखून का लिहिली जातात, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण तिसरे गृहीतक सर्वांत जास्त तिथेच ढासळते. लिहिणाऱ्याचा संकोच हे एक कारण आहेच. बरोबर काम केलेल्या माणसाच्या पोटावर पाय देणारे वाक्य स्वतःच्या सहीने लिहायला कोणी धजत नाही. पण त्याखेरीज कायद्याचे कारण असते. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स या खटल्यात असे ठरवले की, माजी कर्मचाऱ्याबद्दल पत्र देताना मालकाने त्या कर्मचाऱ्याच्या हिताच्या दृष्टीने वाजवी काळजी घेतली पाहिजे, आणि निष्काळजीपणाने लिहिलेल्या पत्रामुळे त्याचे नुकसान झाले तर मालकावर जबाबदारी येऊ शकते. अशा जबाबदारीला टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कमी लिहिणे. म्हणूनच अनेक मोठ्या आस्थापना नोकरीचा कालावधी आणि पदनाम एवढेच कळवण्याचे धोरण ठेवतात. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. शिफारसपत्रांपुरता हा हक्क विद्यार्थी स्वेच्छेने सोडू शकतो, आणि त्याने तो सोडला आहे की नाही, हे पत्र देणाऱ्याला सहसा कळवले जाते. ज्याच्याबद्दल लिहायचे तोच ते वाचणार असेल, तर लेखणी आखडती होणे स्वाभाविक आहे. तेव्हा पत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न मजकुराचा नसून परिस्थितीचा असावा: हे कोणी लिहिले, कोणत्या नियमाखाली लिहिले, आणि ते कोणाच्या नजरेखालून जाणार होते?

आता आपल्या पत्राकडे वळू. ते वाचण्यापूर्वीच एक कोरा कागद घेऊन, या पदाला काय लागते ते लिहून काढणे हा मला सर्वांत उपयोगी पडणारा भाग वाटतो. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पत्र वाचले, तर पत्रात जे आहे तेच महत्त्वाचे वाटू लागते आणि जे नाही ते दिसतच नाही. लेखा विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली समजा सहा माणसे आहेत, दर तिमाहीअखेर हिशेब ठरलेल्या तारखेला बंद करायचे आहेत, लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे आहे आणि संस्थेचा पैसा त्याच्या सहीने हलणार आहे. मग कागदावर चार गोष्टी येतात: काम वेळेत पुरे करणे, चूक कोणी दाखवण्याआधी स्वतः हेरणे, इतरांकडून काम करून घेणे आणि पैशाच्या बाबतीतली सचोटी. पत्रातले प्रत्येक वाक्य यांपैकी कोणत्या गोष्टीपाशी बसते ते पाहत गेले की चित्र लगेच स्पष्ट होते. सात वाक्यांपैकी एकही वाक्य या चारपैकी कोणत्याही गोष्टीबद्दल थेट बोलत नाही.

मात्र ‘काहीच बोलत नाही’ हाही घाईचा निष्कर्ष ठरेल, कारण वाक्यांच्या घडणीत बरेच काही आहे. ‘नेमून दिलेली सर्व कामे’ या शब्दांत कामाची हद्द आखली आहे. काम दिले की होत असे. स्वतःहून काही केले असे पत्र म्हणत नाही. कारकुनी जागेसाठी ही स्तुती पुरेशी ठरली असती, प्रमुखपदासाठी ती उणी पडते. ‘समाधानकारक’ हे विशेषण श्रेणीच्या मधल्या पायरीवरचे आहे, आणि ज्याला वरची पायरी उपलब्ध होती त्याने मधली निवडली, तर वरची त्याला लागू वाटली नाही असे आपण समजतो. याच पत्रात ‘उत्तम’ हा शब्द वापरलेला आहे, म्हणजे लिहिणारा मुळातच हात राखून विशेषणे वापरतो असे म्हणता येत नाही. पण तो शब्द त्याने लेखाप्रणालीच्या ज्ञानासाठी खर्च केला, आणि तेही ज्ञानासाठी, वापरासाठी नव्हे. विशेषण कोणते आहे यापेक्षा ते कुठे खर्च झाले आहे, हे मी अधिक बारकाईने पाहीन. लिहिणाऱ्याला मनापासून स्तुती करता येईल अशी जागा जिथे सापडली, तिथेच तो मोकळा होतो. ती जागा पदाच्या गाभ्यापासून जितकी लांब, तितकी शंका अधिक.

पाचव्या वाक्यात जबाबदाऱ्या स्वीकारण्याची ‘इच्छा दिसून आली’. इच्छा आणि निष्पत्ती यांतले अंतर इथे जाणवते. ज्याने जबाबदारी घेऊन ती पार पाडली त्याच्याबद्दल इच्छेचा उल्लेख करावा लागत नाही. पार पाडलेली गोष्टच सांगितली जाते. ‘प्रयत्न केला’, ‘उत्सुकता दाखवली’, ‘मेहनत घेतली’ ही सारी क्रियापदे याच जातीची आहेत. ती कामाआधीच्या टप्प्याचे वर्णन करतात आणि कामाच्या शेवटाबद्दल गप्प राहतात. सहावे वाक्य मात्र सर्वांत वजनदार आहे. ‘योग्य मार्गदर्शन मिळाल्यास’ ही अट आहे, आणि विभागप्रमुखाला मार्गदर्शन देणारा सहसा कोणी नसतो. ते त्यानेच इतरांना द्यायचे असते. पत्रातली बाकीची वाक्ये अपुरी आहेत, हे वाक्य मात्र पदाच्या गरजेच्या विरुद्ध दिशेला जाते. म्हणून अपुरेपणा आणि विसंगती यांना एकाच मापाने तोलू नये. अपुरेपणामागे दहा कारणे असू शकतात, विसंगतीमागे थोडीच असतात.

राहिली सचोटी. तिच्याबद्दल पत्रात अक्षरही नाही, आणि नवख्या वाचकाचे मन सर्वांत आधी इथेच धावते. इथेच सर्वांत जास्त थांबायला हवे. सचोटी ही गृहीत धरलेली गोष्ट असते. चार वर्षे पैशाचे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाबद्दल ‘त्याने अफरातफर केली नाही’ असे लिहिणे अनेकांना अपमानास्पद वाटते. काही कार्यालयांत पैशाशी संबंधित प्रत्येक पत्रात ‘विश्वासू’ हा शब्द रीत म्हणून येतो, काही कार्यालयांत तो कधीच येत नाही. त्याच कार्यालयाची इतर पत्रे समोर असल्याखेरीज हे मौन बोलते आहे असे म्हणण्याला आधार नाही. आरोप जितका गंभीर, तितका त्याला पुरावा भक्कम लागतो, आणि मौन हा कधीच भक्कम पुरावा नसतो.

आता ती तीन गृहीतके तपासायची. पत्रावर सही कोणाची आहे? मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्याची असेल, तर त्याने उमेदवाराचे रोजचे काम पाहिलेलेच नसण्याची शक्यता मोठी आहे. हजेरी आणि वर्तन हे त्याच्या नोंदवहीत असते, म्हणून तेच पत्रात आले. अशा वेळी आपण वर केलेले सगळे बारीक वाचन जवळजवळ निरर्थक ठरते. सही थेट वरिष्ठाची असेल, त्याने आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने बरोबर काम केले ते लिहिले असेल, तर पहिले गृहीतक टिकते. दुसरे गृहीतक म्हणजे, कोणत्या पदासाठी पत्र हवे आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होते का? आपल्या पत्रात ‘आपल्या संस्थेतही’ एवढाच उल्लेख आहे, पदाचे नाव कुठेही नाही. ही बाब उमेदवाराच्या बाजूने जाते. बऱ्याच वेळा उमेदवार एकच सर्वसाधारण पत्र घेऊन ठेवतो आणि ते अनेक ठिकाणी जोडतो. त्यात नेतृत्वाचा उल्लेख नसण्याचे कारण इतके साधे असू शकते. तिसरे गृहीतक धोरणाचे आणि सवयीचे आहे. काही माणसे स्वभावतःच मोजके लिहितात आणि त्यांच्या लेखी ‘समाधानकारक’ ही मोठी पावती असते. एकाच व्यक्तीची दोन-तीन पत्रे वाचायला मिळाली तर तिची पट्टी कळते. एकाच पत्रावरून ती कळत नाही.

ही तपासणी कागदावरून जितकी होते तितकी करून पुढचे काम फोनवर करावे, आणि अर्थातच उमेदवाराची संमती घेऊन करावे. फोनवर ‘माणूस कसा आहे?’ असे विचारले की उत्तर पत्राइतकेच गुळगुळीत येते. प्रश्न असा हवा की त्याला घटनेने उत्तर द्यावे लागेल. ‘तिमाहीअखेर हिशेब बंद करण्याचे काम त्यांच्याकडे होते का, आणि शेवटच्या वेळी ते कसे पार पडले?’ ‘त्यांच्या हाताखाली कोणी होते का?’ ‘मार्गदर्शन मिळाल्यास असे आपण लिहिले आहे, कोणत्या प्रकारच्या कामात त्यांना मार्गदर्शन लागत असे?’ हा तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण तो लिहिणाऱ्याच्याच शब्दाला धरून आहे आणि त्याला नवे काही बोलावे लागत नाही, फक्त आधीचेच उलगडावे लागते. शेवटी ‘पुन्हा जागा निघाली तर आपण त्यांना घ्याल का?’ हा जुनाच प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात ‘हो’ किती लवकर येते, याला बराच अर्थ असतो. पण ‘आमच्या धोरणानुसार हे सांगता येत नाही’ असे उत्तर आले, तर त्याला नकार मानू नये. ते बहुधा खरोखरच धोरण असते.

समजा, आपल्या पत्राच्या बाबतीत फोन झाला आणि असे कळले की सही थेट वरिष्ठांची आहे, पण त्यांना प्रमुखपदाची कल्पना नव्हती, आणि उमेदवाराच्या हाताखाली तिथे कोणीच नव्हते. म्हणजे इतरांकडून काम करून घेण्याबद्दलचे मौन विरघळले: सांगण्यासारखे काही नव्हते म्हणून सांगितले गेले नाही. सचोटीबद्दल विचारताच वरिष्ठ ठामपणे म्हणाले की त्याविषयी मनात शंका आणण्याचे कारण नाही, ते कार्यालय तसे कधी लिहीतच नाही. मार्गदर्शनाच्या प्रश्नावर मात्र ते जरा थांबले आणि म्हणाले, “सांगितलेले काम चोख करतात, त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण जुळणी लागली नाही की स्वतः मागोवा घेण्याऐवजी कागद घेऊन माझ्याकडे येतात.” चारपैकी तीन शंका अशा रीतीने मिटल्या किंवा तटस्थ झाल्या, आणि एक पक्की झाली. जी पक्की झाली ती पत्रात अपुरेपणा म्हणून आलेली नव्हती. ‘योग्य मार्गदर्शन मिळाल्यास’ या विसंगतीच्या रूपाने आली होती. अशा उमेदवाराला प्रमुखपद देऊ नये, असे समितीला वाटले तर ते रास्त आहे, आणि त्याच विभागातली दुसऱ्या क्रमांकाची जागा त्याच्यासाठी योग्य आहे का, हा विचारही तितकाच रास्त आहे. नुसत्या पत्रावरून निर्णय झाला असता, तर त्याच्या सचोटीवर कारण नसताना डाग लागून राहिला असता.

जिथे अशी सांकेतिक भाषा सर्वमान्य झाली आहे तिथे काय होते, हे पाहण्यासाठी जर्मनीचे उदाहरण मोलाचे आहे. तिथल्या व्यवसाय नियमन कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या मजकुरातून उघड दिसणाऱ्या अर्थाहून वेगळा अर्थ सुचवण्यासाठी योजलेली वाक्यरचना त्यात असू नये, असेही तेच कलम सांगते. प्रमाणपत्राने माणसाच्या पुढच्या वाटेत विनाकारण अडथळा आणू नये, अशी अपेक्षाही तिथल्या न्यायालयांनी ठेवली आहे. परिणामी उघड टीका नाहीशी झाली आणि तिची जागा समाधानाच्या एका शिडीने घेतली. काम ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाचे’ होते म्हणजे श्रेणी चांगली, ‘नेहमीच’ गळून नुसते ‘आमच्या पूर्ण समाधानाचे’ उरले की श्रेणी मध्यम, ‘पूर्ण’ही गेले की त्याखालची, आणि ‘प्रयत्न केला’ एवढेच असेल तर तळाची. ‘नेहमीच’ हा एक शब्द मिळावा म्हणून लोक न्यायालयात जातात. तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, मधल्या श्रेणीहून वरची श्रेणी हवी असेल तर आपले काम तसे होते हे कर्मचाऱ्यालाच सिद्ध करावे लागेल, मग प्रत्यक्षात बहुतेकांना वरची श्रेणी मिळत असली तरीही. त्याच न्यायालयाने २०१२ साली असेही म्हटले होते की, शेवटच्या आभाराच्या आणि शुभेच्छांच्या वाक्यावर कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क नाही.

ही शिडी माहीत असलेल्या लिहिणाऱ्याचे पत्र माहीत असलेल्या वाचकाने वाचले तर संदेश अचूक पोहोचतो. पण छोट्या व्यवसायाचा मालक, ज्याने असे पत्र पहिल्यांदाच लिहायला घेतले आहे, तो मनापासून ‘आम्ही तिच्या कामावर समाधानी होतो’ असे लिहितो आणि नकळत एका चांगल्या कर्मचारिणीला खालची श्रेणी देऊन बसतो. संकेत दोन्ही टोकांना ठाऊक असतील तेव्हाच तो संकेत असतो. जिथे अशी ठरलेली शिडी नाही तिथे, महाजालावर फिरणाऱ्या ‘या वाक्याचा खरा अर्थ हा’ अशा याद्यांवर विसंबून पत्र वाचणे, हे लिहिणाऱ्यावर त्याने कधीच न घेतलेल्या भाषेची सक्ती करण्यासारखे आहे.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती लिहिणाऱ्याच्या मनातली आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली होती. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने लहान होती, आणि शंका निर्माण करणारी वाक्ये, म्हणजे कच खाल्लेली स्तुती, आडून केलेली टीका, विषयाशी संबंध नसलेली माहिती, त्यांच्यात अधिक आढळली. विशेष म्हणजे ही सारी पत्रे निवड झालेल्या उमेदवारांची होती. पत्रातली कच उमेदवाराच्या कामातून आली की लिहिणाऱ्याच्या पूर्वग्रहातून, हे एका पत्रावरून ओळखणे अशक्य असते. म्हणून पत्रात कष्टाळूपणा, मनमिळाऊपणा, सौजन्य यांचीच रेलचेल दिसली आणि बुद्धी किंवा निर्णयशक्ती यांचा उल्लेख दिसला नाही, तर मी आधी स्वतःला विचारीन की, हाच उमेदवार पुरुष असता तर या लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असता. या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळत नाही, पण मौनाला दिलेले वजन मात्र योग्य प्रमाणात उतरते.

कामगिरीचा वार्षिक अहवाल याच कुळातला असला तरी तो वाचण्याची जागा वेगळी आहे, कारण इथे वाचणारा स्वतःच अहवालाचा विषय असतो. शिफारसपत्रात तुलनेसाठी दुसरे काही नसते. अहवालाच्या बाबतीत मात्र मागच्या वर्षाचा अहवाल हाताशी असतो, आणि एका अहवालावर विचार करत बसण्यापेक्षा दोन शेजारी ठेवणे फार उपयोगी पडते. गेल्या वर्षी ‘प्रकल्पाची आखणी स्वतंत्रपणे केली’ असे होते आणि यंदा ‘प्रकल्पाच्या कामात महत्त्वाचा सहभाग होता’ असे आहे. दोन्ही वाक्ये गोड आहेत, पण मधल्या काळात कर्ता सहभागी झाला आहे. श्रेणी तीच राहिली असली तरी वरिष्ठाच्या मनातले चित्र सरकले असल्याची ही खूण आहे. त्याचप्रमाणे सूचनेच्या रूपात आलेली तक्रार ओळखावी लागते. ‘पुढील वर्षी सहकाऱ्यांना कामाची माहिती अधिक वेळेवर द्यावी’ या वाक्यात ‘अधिक’ हा शब्द सौजन्यासाठी आलेला असतो. कोणती तरी माहिती उशिरा पोहोचली आणि कोणी तरी ते वरिष्ठांच्या कानावर घातले, असे त्यामागे बहुधा असते. तीच सूचना सलग दुसऱ्या वर्षी आली, तर तिला सूचना समजणे धोक्याचे आहे, कारण बढतीचा किंवा बदलीचा विचार करताना फाइल उघडणाऱ्याला दोन वर्षांची नोंद दिसते.

इथेही गृहीतके तपासावी लागतातच. अनेक आस्थापनांत वरची श्रेणी किती जणांना द्यायची याची मर्यादा वरून ठरलेली असते, आणि मग वरिष्ठाला मजकूर श्रेणीशी जुळवून घ्यावा लागतो. चांगल्या कामाचे वर्णन फिके होते ते त्यामुळे. मजकूर उत्साही आणि श्रेणी मधली असेल तर अडचण बहुधा मर्यादेची असते. श्रेणी चांगली आणि मजकूर मोघम असेल, तर वरिष्ठाने वाद टाळला असण्याची शक्यता अधिक, आणि ही दुसरी जोडी कर्मचाऱ्याला जास्त महागात पडते, कारण चांगल्या श्रेणीच्या समाधानात तो मोघमपणाकडे लक्ष देत नाही. अशा वेळी चर्चेच्या बैठकीत ‘माझे काही चुकले का?’ असे विचारले तर ‘नाही, नाही, सगळे छान आहे’ एवढेच ऐकायला मिळते. त्याऐवजी अहवालातले एक वाक्य समोर ठेवून विचारावे: “माहिती वेळेवर देण्याबद्दल आपण लिहिले आहे. हे लिहिताना आपल्या मनात कोणता प्रसंग होता?” आणि त्यानंतर: “पुढच्या पदासाठी माझे नाव आज चर्चेला आले, तर यांतली कोणती गोष्ट आड येईल?” वरिष्ठाने प्रसंग सांगितला तर त्यावर काम करता येते. त्याला एकही प्रसंग आठवला नाही, तर ते वाक्य मागच्या अहवालातून जसेच्या तसे उतरवलेले असू शकते, आणि तसे असेल तर ते अंतिम नोंदीतून काढावे, अशी लेखी विनंती त्याच बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत, अहवालावर सही करण्यापूर्वी करावी.